पिशवीला सूज नव्हतीच: पाळीआधीच्या आठवड्याचं एक प्रकरण

जुलैची दहा तारीख. ती आली तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि बोलणं एकाच वाक्याचं होतं: "मॅडम, गर्भपिशवी काढून टाका एकदाची. दसऱ्याच्या आत बरी झाले तर कारखान्याला जाता येईल."

वय 34. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं गाव, दोन लेकरं, धाकट्याच्या वेळीच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन झालेलं. नवरा-बायको मिळून एक कोयता, दिवाळी झाली की पाच-सहा महिने ऊसतोडीला. मुकादमाकडून उचल घेतलेली, आणि कामाला एक दिवस खाडा झाला तरी पैसे कापले जातात. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत, आणि लिहायला तिची संमती घेतली आहे.)

तक्रार विचारली तर ती पाळीची नव्हती. रक्तस्राव चार दिवस, बेताचा, गाठी नाहीत, दर 28 दिवसांनी. अंगावरून पांढरं जात नव्हतं. त्रास होता तो पाळीच्या आधी. "आठ दिवस आधीपासून पोट गच्च फुगतंय. छातीला ब्लाउज सोसत नाही. आणि डोकं असं फिरतंय की पोरीनं पाणी सांडलं तरी हात उठतो. पाळी आली की सगळं उतरतंय. मग चांगली असते मी."

या शेवटच्या दोन वाक्यांत निदान जवळजवळ झालेलं होतं. पण तिला ज्यांनी तपासलं होतं त्यांनी रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, पिशवीला सूज आहे, अंडाशयात गाठ आहे, पुढे कॅन्सर होईल. 2019 साली आमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला, सरकारने चौकशी समितीही नेमली. तरी हे वाक्य माझ्या टेबलासमोर अजूनही ऐकू येतं, आणि दर वेळी माझ्या पोटात कालवतं.

रिपोर्ट मी तिच्यासमोरच वाचला. पिशवीची लांबी 9.2 सेंटिमीटर. आतल्या अस्तराची जाडी 12 मिलिमीटर. उजव्या अंडाशयात 22 मिलिमीटरची पाण्याची गाठ. मग मी तारखा विचारल्या. शेवटची पाळी 16 जूनला, सोनोग्राफी 7 जुलैला, म्हणजे पाळीच्या बाविसाव्या दिवशी. तारीख कळल्यावर त्या रिपोर्टचा अर्थच बदलतो. दोन बाळंतपणं झालेल्या बाईची पिशवी नऊ सेंटिमीटरच्या आसपास असणं नेहमीचंच आहे. बाविसाव्या दिवशी अस्तर 12 मिलिमीटर नसतं तरच मला नवल वाटलं असतं. आणि ती गाठ म्हणजे पीतपिंड, निरोगी अंडाशयात त्या आठवड्यात असायलाच हवा असा.

इथे जरा थांबून ही गोष्ट नीट सांगते, कारण तिची तिन्ही दुखणी याच पिंडातून निघतात.

पाळी आल्यापासून साधारण चौदाव्या दिवशी अंडाशयातला एक फुगलेला फोड फुटतो आणि बीज बाहेर पडतं. मागे उरलेला रिकामा फोड वाया जात नाही. त्याच्या भिंतीतल्या पेशी चरबीने भरतात, पिवळ्या पडतात आणि प्रोजेस्टेरॉन तयार करू लागतात. हाच पीतपिंड. बीज सुटण्याआधी रक्तात प्रोजेस्टेरॉन नावालाच असतं, मिलिलिटरमागे एक नॅनोग्रॅमपेक्षाही कमी. नंतर ते चढत जातं आणि साधारण सात दिवसांनी दहा-वीसच्या घरात पोचतं. गर्भ राहिला नाही तर हा पिंड आपोआप सुकतो, प्रोजेस्टेरॉन तीन-चार दिवसांत कोसळतं आणि अस्तराचा आधार गेल्यामुळे पाळी येते. म्हणजे पाळीआधीच्या आठवड्यात आधी शिखर असतं आणि मग उतार. पुढे तिच्या कॅलेंडरवर हे दोन्ही वेगवेगळे दिसले, म्हणून हे लक्षात असू द्या.

ऑपरेशन करायचं नाही, हे त्या दिवशी ठरलं. पण नुसतं "काही नाही, घाबरू नका" म्हणून पाठवलं असतं तर ती दुसरीकडे जाऊन पिशवी काढून आली असती. म्हणून दोन गोष्टी मागितल्या: पाळी आल्यापासून आठव्या दिवशी पुन्हा ये, आणि दोन महिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज रात्री खुणा कर. पोटासाठी गोल, छातीसाठी फुली, चिडचिडीसाठी उभी रेघ. थोडा त्रास असेल तर एक, काम अडलं तर दोन, सोसवलं नाही तर तीन. त्रास नसेल त्या दिवशी चौकट कोरी. पाळीच्या दिवशी लाल टिंब. ती चौथीपर्यंत शिकलेली, तिला हे जमणार याची मला खात्री होती. आठवणीवर विसंबून हे निदान करू नये. महिनाभर राहणारी उदासी किंवा घरातला छळसुद्धा आठवताना "पाळीच्या आधी जास्त" असाच आठवतो. घरी मारहाण होते का, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हेही मी तिला एकटीला बसवून विचारलं. दोन्हीला नाही म्हणाली.

आणखी एक खूण करायला सांगितली, ती परकराच्या नाडीवर. साध्या दिवशी गाठ जिथे बसते तिथे पेनाने रेघ मारायची, आणि पोट फुगेल तेव्हा नवी गाठ कुठे बसते ते बघायचं.

पाळी 14 जुलैला आली. 21 तारखेला ती पुन्हा आली तेव्हा मी सोनोग्राफी परत केली. अस्तर 6 मिलिमीटर, उजव्या अंडाशयातली गाठ गायब. दहा जुलैला दोन्ही स्तनांच्या वरच्या बाहेरच्या भागात, काखेकडे, हाताला दाणेदार आणि दुखरं लागत होतं. आता तिथे मऊ होतं. दोन्ही सोनोग्राफीची चित्रं शेजारी ठेवून तिला दाखवली. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मंग हे काढायला निघाले होते काय?"

पहिल्या महिन्याचं कॅलेंडर 11 ऑगस्टला पाळी आल्यावर पूर्ण झालं. जुलैचे पाळीनंतरचे दिवस कोरे. 3 ऑगस्टपासून, म्हणजे एकविसाव्या दिवसापासून, फुल्या सुरू. दुसऱ्या दिवसापासून गोल. उभ्या रेघा मात्र उशिरा, 7 तारखेपासून, आणि 9 व 10 ला तीन-तीन. 12 ला रेघा संपल्या, 13 ला फुल्या आणि गोलही. पुढचे सतरा दिवस स्वच्छ. पाळीआधी त्रास, पाळी आल्यावर चार दिवसांत उतार आणि तेराव्या दिवसापर्यंत तरी पूर्ण मोकळीक: पाळीपूर्व त्रासाचं निदान करताना आम्ही हेच शोधतो.

आता एकेक दुखणं घेऊ. छाती आधी का दुखली? स्तनात दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्यांचे घोस असतात. प्रोजेस्टेरॉन चढलं की दर महिन्याला या घोसांतल्या पेशी वाढू लागतात, शरीर जणू गर्भ राहील या हिशोबाने दुधाची तयारी करतं. भोवतालच्या जाळीत पाणी साठतं आणि स्तन आतून ताणला जातो. ही वाढ एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोघांची मिळून, पण घोसांवरचा हात मुख्यतः प्रोजेस्टेरॉनचा. त्यामुळे दुखणं चढत्या बाजूलाच सुरू होतं, दोन्हीकडे होतं, आणि घोस जिथे दाट असतात त्या काखेकडच्या भागात जास्त. दुखणं एकाच बाजूला असेल, पाळी संपल्यावरही गाठ तशीच हाताला लागत असेल, बोंडातून रक्त येत असेल किंवा कातडीला खळी पडली असेल, तर हे स्पष्टीकरण लागू होत नाही, तपासणी लगेच करायची. हिची छाती म्हणूनच मी पाळीच्या आठव्या दिवशी पुन्हा तपासली. गाठ शोधायला तेच दिवस बरे.

पोटाचं गणित मला या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवून गेलं. 21 जुलैला माझ्या काट्यावर तिचं वजन 47.8 किलो होतं, 8 ऑगस्टला 48.5. नाडीवरची गाठ मात्र पाच सेंटिमीटर सरकली होती. बांगड्याही घट्ट झाल्या होत्या, साबण लावूनही हातातून निघेनात. सातशे ग्रॅम पाण्याने बांगड्या घट्ट होतील, पण पोट पाच सेंटिमीटरने वाढेल का? यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आहेत.

पहिली पाण्याची. यात एक उलटी गंमत आहे. प्रोजेस्टेरॉन स्वतः पाणी धरत नाही. मूत्रपिंडात मीठ राखून ठेवणारा अल्डोस्टेरॉन नावाचा हार्मोन जिथे बसतो, ती जागा प्रोजेस्टेरॉन अडवतं, आणि त्यामुळे लघवीतून मीठ जास्त जाऊ लागतं. शरीराला ही गळती परवडत नाही, ते अल्डोस्टेरॉन आणखी सोडतं. या ओढाताणीत, आणि केशवाहिन्यांतून पाणी भोवतालच्या जागेत झिरपल्यामुळे, हातपाय आणि छाती जड होतात. पीतपिंड सुकून प्रोजेस्टेरॉन उतरलं की अडवणारं कुणी उरत नाही, वाढलेलं अल्डोस्टेरॉन मात्र अजून रक्तात असतं. जडपणा पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत टिकण्याचं हे एक कारण मला पटतं. दुसरी गोष्ट आतड्याची. प्रोजेस्टेरॉन पिशवीचे स्नायू सैल ठेवतं, म्हणजे गर्भ असेल तर तो सुखरूप राहावा. तोच परिणाम आतड्याच्या स्नायूंवरही होतो. अन्न सावकाश सरकतं, वारा साठतो, शौचाला कडक होते. सगळ्याच बायकांत हा फरक मोजताना सारखा सापडलेला नाही, पण हिच्या बाबतीत कोऱ्या दिवसांत रोज सकाळी पोट साफ आणि त्या आठवड्यात दोन-दोन दिवस नाही, असं ती स्वतःहून म्हणाली. नाडीचे पाच सेंटिमीटर बहुतेक वाऱ्याचे होते, पाण्याचे थोडेच. उपाय ठरवताना हा फरक कामाचा. तिचं हिमोग्लोबिन 9.6 होतं आणि लोहाच्या गोळ्या चालू होत्या. लोहानेही मळ कडक होतो. त्या बंद करणं परवडणारं नव्हतं, म्हणून त्या आठवड्यापुरत्या एक दिवसाआड केल्या.

चिडचिडीचं मूळ मेंदूत आहे. प्रोजेस्टेरॉनचं मेंदूत एका दुसऱ्या पदार्थात रूपांतर होतं, त्याचं नाव अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन. झोपेच्या गोळ्या मेंदूतल्या ज्या शांत करणाऱ्या दाराला धक्का देतात, त्याच दाराला हाही देतो. बहुतेक बायकांना त्याने थोडी सुस्ती येते, इतकंच. काहींच्या मेंदूला मात्र त्याची चढउतार सोसत नाही, आणि शांत होण्याऐवजी अंगात कढ आल्यासारखं होतं, रडू येतं, हात उठतो. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन अशा बायकांत जास्त नसतं. अमेरिकेत 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अंडाशयाचं काम औषधाने थांबवल्यावर अशा बायकांचा त्रास बराच कमी झाला, आणि बाहेरून एस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन दिल्यावर तो परत आला. तेच हार्मोन त्याच प्रमाणात, त्रास नसलेल्या बायकांना दिलं तर त्यांना काहीच झालं नाही. म्हणून "हार्मोनची तपासणी करू का" असं तिने विचारल्यावर मी नको म्हटलं. आकडा नॉर्मलच आला असता आणि तिचे पैसे गेले असते.

दुसऱ्या महिन्यात मला न विचारता एक प्रयोग होऊन गेला. पाळी 8 सप्टेंबरच्या सुमारास येणार, आणि घरी महालक्ष्म्या दहाला बसणार. तिने गावच्या मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या, नॉरएथिस्टेरॉनच्या, दिवसाला तीन. पाचपासून बारापर्यंत घेतल्या. थांबवल्यावर तीन दिवसांनी, पंधराला पाळी आली. हे मला कळलं ते कॅलेंडर बघून.

त्या पानावर फुल्या 31 ऑगस्टला सुरू झाल्या आणि थेट 15 सप्टेंबरपर्यंत गेल्या. गोलही तसेच, आठ दिवसांचे पंधरा झाले. नॉरएथिस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं कृत्रिम औषध आहे. पीतपिंड सुकला तरी गोळीने तोच निरोप पिशवीला, छातीला, आतड्याला देत ठेवला. पण उभ्या रेघा 4 तारखेला सुरू होऊन 9 लाच थांबल्या होत्या. पाळी तर आणखी सहा दिवसांनी आली. नॉरएथिस्टेरॉनचं अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन होत नाही. तिचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन उतरून स्थिर झालं आणि डोकं शांत झालं, रक्तस्रावाची वाट न बघता, असा मी त्याचा अर्थ लावते. एका बाईच्या एका महिन्यावरून हे सिद्ध होत नाही. घरात सण होता, माहेरची माणसं आली होती, मन रमलेलं असणार. या गोळ्यांनी काही बायकांची मनःस्थिती बिघडतेही. तरी चिडचिड रक्त अडल्यामुळे होत नाही, "घाण आत साठली म्हणून डोकं तापतं" हा समज चूक आहे, हे तिला त्या पानावरून पटलं. मी तासभर बोलले असते तरी पटलं नसतं.

उपाय त्या पानावरूनच ठरवले. छातीसाठी नीट मापाची कापडी ब्रा, त्या आठवड्यात रात्रीही. ती आजवर नुसता घट्ट ब्लाउज घालायची आणि त्याची शिवण नेमकी दुखऱ्या जागेवर यायची. फारच ठणकलं तर जेवणानंतर आयब्युप्रोफेन 400 मिलिग्रॅम, दोन दिवसच. पोटासाठी पापड, लोणचं आणि मिठाचा ठेचा त्या आठवड्यात कमी, रात्रीचं जेवण निम्मं, पाणी आणि पालेभाजी जास्त. कॅल्शियम 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब, नाहीतर लोह अंगी लागत नाही. कॅल्शियमचा फायदा दिसायला तीन महिने लागतात, हे आधीच सांगितलं, नाहीतर गोळ्या पंधराव्या दिवशी बंद होतात.

चिडचिडीसाठी फ्लुओक्सेटिन 20 मिलिग्रॅम रोज एक, पंधराव्या दिवसापासून पाळी येईपर्यंत. ही उदासीची गोळी म्हणून ओळखली जाते आणि तिथे तिला तीन-चार आठवडे लागतात. पाळीपूर्व चिडचिडीत मात्र ती काही दिवसांतच लागू पडते, त्यामुळे महिन्याचे निम्मे दिवस घेऊन भागतं. सुरुवातीला मळमळ होऊ शकते. ती म्हणाली, "येड्याची गोळी तर नाही ना?" तिच्या सासूला हे कळलं असतं तर गोळी चुलीत गेली असती, हे खरं. मी म्हटलं, वेड असतं तर ते पाळीच्या दुसऱ्या दिवशी उतरलं नसतं.

तिसऱ्या पानावर पाळी 13 ऑक्टोबरला. रेघा चारच दिवस, एकेरी, एका दिवशी दोन. मुलीवर हात उठला नाही, हे तिने आधी सांगितलं, बाकी नंतर. फुल्या आणि गोल मात्र होतेच, तीनऐवजी दोन. यापेक्षा जास्त मी कबूलही केलं नव्हतं. अंडाशय चालू आहे तोवर पीतपिंड दर महिन्याला होणार.

आणि म्हणूनच पिशवी काढून काही साधलं नसतं. पिशवी प्रोजेस्टेरॉन बनवत नाही, ती फक्त त्याचं ऐकते. पिशवी गेली तर लाल टिंब जाईल, बाकी खुणा तशाच राहतील. अंडाशयंही काढली तर खुणा जातील, पण मग चौतिसाव्या वर्षी पाळी कायमची जाते, अंगातून वाफा निघू लागतात, हाडं ठिसूळ होऊ लागतात. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या बाईला ते कसं परवडणार? अंडाशयं जागेवर ठेवून नुसती पिशवी काढली तरी काही बायकांत ती काही वर्षं आधीच थकतात.

सप्टेंबरात उपाय ठरवताना हे बोलणं चालू होतं, तेव्हा ती एकदम म्हणाली, "माझ्या जावेची पिशवी दोन वर्षांमागं काढली. तिची छाती अजून दुखायलीय. म्हणते, ऑपरेशन बिघडलं."

जावेला घेऊन ये म्हटलं. तिलाही कॅलेंडर दिलं, फक्त फुली आणि रेघेचं. भाऊबीज झाल्यावर, ट्रक निघायच्या दोन दिवस आधी, दोघी मिळून आल्या. जावेच्या पानावर 20 ते 26 सप्टेंबर फुल्या, मग कोऱ्या चौकटी, मग 18 ते 24 ऑक्टोबर पुन्हा फुल्या. मधलं अंतर हिने बोटांवर मोजलं, अठ्ठावीस. लाल टिंब दोन्ही पानांवर एकही नव्हतं.